चार नंबरची लिफ्ट अँटेनापर्यंत पोचत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

शाळा आणि तालुका पातळीवरच्या व्हॉलीबॉल संघांत लिफ्टरची, म्हणजे स्मॅशरला बॉल उंच टाकून देणाऱ्या खेळाडूची, एक तक्रार मी सतत दुरुस्त करत आलो आहे. चार नंबरला, म्हणजे नेटजवळच्या डाव्या टोकाला, दिलेली लिफ्ट आत पडते. स्मॅशर बाहेरून धावत येतो, पण बॉल अँटेनाच्या, म्हणजे बाजूच्या रेषेवर नेटला उभ्या लावलेल्या काठीच्या, मीटर-दीड मीटर अलीकडेच खाली उतरतो. मग त्याला धाव मोडून आत वळावं लागतं आणि बॉल उजव्या खांद्याच्या पलीकडे राहतो. समोरच्या मधल्या ब्लॉकरला तर एक पाऊल कमी चालावं लागतं. बहुतेक ठिकाणी यावर एकच उपाय ओरडून सांगितला जातो, ‘जोर लाव!’ जोर लावला की लिफ्ट लांब जाते, पण कधी नेटच्या पलीकडे, कधी थेट बाहेर, आणि पंच डबलची, म्हणजे बॉल एकापाठोपाठ दोन हातांना लागल्याची, शिट्टी वाजवतात. ताकद कमी आहे म्हणून लिफ्ट आत पडते असं क्वचितच निघतं. म्हणून ताकदीची तपासणी मी शेवटी ठेवली आहे.

आधी लक्षणं नीट वेगळी करा, कारण ‘लिफ्ट खराब पडते’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- बॉल सरळ रेषेत जातो, फिरत नाही, उंचीही बरी असते, पण नेहमी साधारण तेवढाच आत पडतो. हा दोष बहुधा पायांचा असतो.
- बॉल हवेत लट्टूसारखा आडवा फिरतो आणि कधी नेटकडे, कधी मैदानाकडे सरकतो. एक हात दुसऱ्याच्या आधी लागतो आहे.
- बॉल उंच जातो पण पुढे जात नाही, आणि लिफ्टर मागे झुकलेला दिसतो. बॉल चुकीच्या जागी, म्हणजे डोक्याच्या मागे किंवा छातीसमोर घेतला जातो आहे.
- सरावात लिफ्ट नीट जाते, सामन्यात पहिला बॉल वाकडा आला की आत पडते. हातांना हात लावू नका, पावलं तपासा.

बॉल फिरतो आहे की नाही हे लांबून दिसत नसेल तर जुन्या बॉलवर मार्करने एक जाड पट्टा ओढा. पट्टा स्थिर दिसला तर दोन्ही हात बरोबर लागले. पट्टा धूसर झाला तर नाही.

पहिली तपासणी: लिफ्ट खरंच आत पडते का, आणि नेमकी किती

याला पैसे लागत नाहीत, तरी हीच तपासणी सर्वांत जास्त चुकते. प्रशिक्षक बाजूच्या रेषेवर टायर किंवा रिंग ठेवतात आणि लिफ्टरला सांगतात की बॉल यात पडला पाहिजे. लिफ्टर तो पाडायला शिकतो, आणि सामन्यात त्याची प्रत्येक लिफ्ट आत असते. कारण बॉल जमिनीवर पडेपर्यंत पुढे सरकतच असतो. स्मॅशर तो अडीच-पावणेतीन मीटर उंचीवर मारतो. तिथून जमिनीपर्यंत येताना उंच लिफ्टचा बॉल आणखी साधारण मीटरभर पुढे जातो. म्हणजे बाजूच्या रेषेवर पडणारा बॉल मारायच्या उंचीवर असताना अँटेनाच्या मीटरभर आत होता.

म्हणून खूण रेषेच्या बाहेर करा. मारायच्या उंचीवर बॉल अँटेनाच्या साधारण अर्धा मीटर आत हवा असेल, तर न मारता सोडलेला बॉल बाजूच्या रेषेच्या अर्धा मीटर बाहेर पडला पाहिजे. नेटपासून अंतर पाऊण ते एक मीटर ठेवा. टायर तिथे सरकवला की काही लिफ्टरांचा दोष त्याच संध्याकाळी जातो, कारण ते सांगितलेल्या जागी अचूक टाकत होते. जागाच चुकीची होती.

दुसरी: नेटला अँटेना आहे का

गावच्या मैदानांवर बऱ्याचदा नसतो. नेट दोन खांबांना बांधलेलं असतं, खांब रेषेच्या बाहेर कुठेतरी असतात आणि बाजूची रेषा चुन्याची, तीही अर्धी पुसलेली. लिफ्टरने मान वर केली की त्याला खूण म्हणून काहीच दिसत नाही. मग तो स्मॅशरकडे बघून लिफ्ट टाकतो, आणि स्मॅशर धावत आत येतो म्हणून लिफ्टही आत येते. ही सवय एकदा लागली की अँटेना असलेल्या मैदानावरही जात नाही.

अँटेना 1.80 मीटर लांब असतो आणि नेटच्या वर 80 सेंटीमीटर दिसतो. बांबूची सरळ काठी बाजूच्या रेषेच्या बरोबर वर नेटला उभी बांधा आणि टोकाला लाल कापडाची पट्टी लावा. नेट मधे लोंबत असेल तर तेही ताणून घ्या. पुरुषांसाठी मधली उंची 2.43 आणि महिलांसाठी 2.24 मीटर असते, आणि बाजूला ती दोन सेंटीमीटरहून जास्त वर नसावी. झोळी पडलेल्या नेटवर लिफ्टरला कमी उंचीची लिफ्टही चालून जाते, आणि स्पर्धेत ताठ नेट समोर आलं की ती कमी पडते.

तिसरी: बॉल

नियमात हवेचा दाब 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटीमीटर सांगितला आहे. पंपावरच्या काट्यावर तो साधारण 4.3 ते 4.6 पीएसआय दिसतो. मऊ बॉल बोटांत दबतो आणि दिलेला जोर खातो, त्यामुळे लिफ्ट आखूड पडते. फार कडक भरलेला बॉल बोटांना लागून लगेच निसटतो, मग लिफ्टर भीतीने हात आखडतो आणि लिफ्ट पुन्हा आखूड. दोन्ही टोकांना परिणाम सारखाच दिसतो, म्हणून अंगठ्याने दाबून अंदाज न घेता काट्यावर मोजा. मातीत आणि दवात वर्षभर वापरलेला बॉल जड होतो. वजन 260 ते 280 ग्रॅमच्या वर गेलं असेल तर तो लिफ्टच्या सरावातून काढा.

चौथी: दोष पायांत की हातांत, हे वेगळं करणारी चाचणी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर लिफ्टरकडे वळा. त्याला त्याच्या जागी उभं करा: उजव्या बाजूच्या रेषेपासून तीन मीटर आत, नेटपासून मीटरभर लांब, तोंड चार नंबरकडे. आता मैदानाच्या मधून कुणीतरी दोन्ही हातांनी बॉल अलगद त्याच्या कपाळावर येईल असा फेकायचा. लिफ्टरने जागचं हलायचं नाही. अशा दहा लिफ्ट बघा. त्यानंतर फेकणाऱ्याला सांगा की बॉल मुद्दाम दोन पावलं आत, तीन मीटरच्या रेषेकडे टाक, म्हणजे लिफ्टरला चालत जाऊन घ्यावा लागेल. अशाही दहा बघा.

जागेवरच्या लिफ्ट अँटेनापर्यंत गेल्या आणि चालून घेतलेल्या आत पडल्या, तर दोष पायांचा. दोन्ही आत पडल्या, तर बॉल घेण्याची जागा, पंजा किंवा सुटका यांपैकी काहीतरी. ही चाचणी टाळून थेट हात दुरुस्त करायला बसलं की चांगले हात बिघडतात. दोष पायांत निघण्याचं प्रमाण माझ्या पाहण्यात बरंच मोठं आहे, म्हणून पुढचा भाग सावकाश वाचा.

पाचवी: पावलं

लिफ्टरचं तोंड चार नंबरकडे असताना नेट त्याच्या उजव्या हाताला असतं. शेवटची दोन पावलं डावं, मग उजवं अशी पडली पाहिजेत आणि थांबताना उजवा पाय अर्ध्या पावलाने पुढे हवा. उजवा पाय पुढे असला की कंबर किंचित आपल्याच मैदानाकडे वळते. मग लिफ्ट थोडी चुकली तरी बॉल आपल्या बाजूला राहतो, नेटवरून पलीकडे जात नाही. डावा पाय पुढे पडला की कंबर नेटकडे उघडते. लिफ्टरला ते जाणवतं, बॉल पलीकडे जाईल या भीतीने तो हात अर्ध्यात रोखतो, आणि लिफ्ट आत पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं. बॉल हाताला लागायच्या आधी दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले हवेत. लिफ्टर जर मागच्या दिशेला, म्हणजे दोन नंबरकडे सरकत असताना बॉल सोडत असेल, तर त्याच्या शरीराचा वेग बॉलच्या वेगातून वजा होतो. साडेपाच मीटर लांब आणि पाच मीटर उंचीची लिफ्ट घेतली, तर ढोबळ हिशेबाने बॉलचा एकूण वेग दहा टक्क्यांनी जरी कमी झाला तरी तो मीटरभर आधीच मारायच्या उंचीवर येतो. मागे जाणारं अर्धं पाऊल तेवढं नुकसान सहज करतं.

हे डोळ्यांनी पकडणं कठीण असतं, कारण सगळ्यांची नजर बॉलवर जाते. मातीच्या मैदानाला पाणी मारलेलं असेल तेव्हा बघा. आमच्याकडच्या एका सतरा वर्षांखालच्या मुलीचं उदाहरण सांगतो. ती एक नंबरवरून, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यातून, धावत पुढे यायची. फेकलेल्या बॉलवर तिची लिफ्ट काठीच्या अगदी जवळ जायची, पण सामन्यात प्रत्येक वेळी आत पडायची. हात सुरेख होते, बॉल अजिबात फिरत नव्हता. तिच्या संघातल्या सगळ्यांचं मत होतं की दबावाखाली ती घाबरते.

ओल्या मातीत तिच्या बुटांचे ठसे बघितले. उजव्या पायाचा ठसा खोल आणि स्वच्छ होता, पण डाव्या पायाचा ठसा टाचेकडून लांबट ओढलेला होता आणि तोच पुढे होता. म्हणजे ती उजव्यावर थांबत होती, डावा पाय घसरत पुढे जाऊन थांबायचा, आणि तेवढ्यात बॉल हातातून सुटलेला असायचा. याचं मूळ आणखी मागे होतं. आपल्या बाजूची सर्व्हिस रिसीव्ह होत असताना ती मागेच रेंगाळायची आणि पास उडाल्यावर धावायची. पोचायला उशीर, म्हणून थांबायला वेळ नाही.

उपाय हातांचा नव्हताच. समोरच्याने सर्व्हिसला हात लावला की ती निघणार, आणि पास देणाऱ्याच्या हाताला बॉल लागेपर्यंत जागेवर पोचलेली असणार, एवढंच ठरवलं. मग बॉल न देता नुसती पावलं: धाव, डावं, उजवं, थांब. उजव्या पायाच्या जागी चुन्याने लहान रेघ मारली होती. त्यानंतर बॉल पकडायचा, लिफ्ट द्यायची नाही. पकडल्यावर ठसे बघायचे. दोन्ही ठसे स्वच्छ उमटायला लागले तेव्हाच लिफ्ट सुरू केली. काही आठवड्यांत सामन्यातला बॉल काठीजवळ जाऊ लागला. फार वाकड्या पासवर तो अजूनही कधीकधी आत पडतो, आणि ते साहजिक आहे.

सहावी: बॉल कुठे घेतला जातो

जागेवरची लिफ्टही आत पडत असेल तर इथून पुढे. लिफ्टरला सांगा की लिफ्ट देऊ नकोस, बॉल हातात येताक्षणी पकड आणि तसाच थिजून राहा. बॉल कपाळाच्या वर, केसांची रेघ सुरू होते तिथून किंचित पुढे, वीतभर अंतरावर असला पाहिजे. मग हात बाजूला करून त्याला बॉल तसाच सोडायला सांगा. तो कपाळावर पडला तर जागा बरोबर. नाकावर किंवा छातीवर पडला तर लिफ्टर बॉलखाली पोचत नाही, आणि हात वर नेण्याऐवजी पुढे ढकलतो, त्यामुळे लिफ्ट सपाट जाते. डोक्यामागे पडला तर तो बॉलच्या फार पुढे गेला आहे. अशा वेळी पाठ मागे वाकते, बॉल उंच जातो पण लांबी मिळत नाही.

याचं उत्तरही बहुतेकदा अर्ध्या पावलातच असतं. हात बॉलकडे नेऊ नका, कपाळ बॉलखाली न्या.

सातवी: पंजा

हात बॉल यायच्या आधीच कपाळाच्या वर तयार हवेत. बॉल आल्यावर उचललेले हात एकाच वेळी पोचत नाहीत. बोटं पसरलेली, किंचित वाकलेली, बॉलच्या गोलाईएवढी. दोन्ही अंगठे एकमेकांकडे आणि थोडे डोळ्यांकडे वळलेले. अंगठे पुढे, बॉलकडे रोखलेले असले तर बॉल थेट त्यांच्या टोकावर आदळतो. अंगठा मुरगळण्याचं नेहमीचं कारण हेच आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बॉलचं वजन घेतात, उरलेली दोन बोटं बाजूने दिशा राखतात. बॉल बोटांच्या पेरांना लागतो, तळहाताला लागत नाही. आवाज ऐका. ‘थप’ असा आवाज आला तर तळहात लागला. चांगल्या लिफ्टला जवळजवळ आवाजच नसतो.

शूटिंग व्हॉलीबॉल खेळून आलेल्या मुलांमध्ये हा दोष हमखास दिसतो. बॉलला दणका देऊन परतवायची सवय असल्यामुळे त्यांची बोटं ताठ असतात आणि मनगट मागे जात नाही. त्यांना भिंतीपासून हातभर अंतरावर उभं करून कपाळाच्या वर छोटे छोटे टप्पे घ्यायला लावा, फक्त बोटं आणि मनगट वापरून. कोपर जवळजवळ हलू नये. रोजची दहा मिनिटं पुरतात. लांब लिफ्ट तोवर बंद ठेवा, नाहीतर दणका परत येतो.

आठवी: सुटका

बॉल फिरत असेल तर दोष इथे आहे. दोन्ही कोपर एकाच वेळी सरळ झाले पाहिजेत आणि लिफ्ट सुटल्यावर दोन्ही तळहात अँटेनाच्या टोकाच्या वर, बॉलच्या मार्गाकडे बघत राहिले पाहिजेत. हात लगेच खाली ओढणारा लिफ्टर शेवटचा जोर देतच नाही, आणि तोच जोर मीटरभर लांबीचा असतो. सुटल्यावर हात तसेच वर ठेवून मनात ‘एक’ म्हणायला लावा.

उजव्या हाताची माणसं बहुधा उजव्या हाताने जास्त ढकलतात. ते तपासायला आधी फक्त डाव्या हातावर, भिंतीजवळ, बोटांनी बॉल वर उडवायला सांगा. डाव्यावर बॉल दोन-तीन टप्प्यांतच सुटत असेल तर फिरणाऱ्या बॉलचं कारण सापडलं. डाव्याचा सराव वाढवा, उजव्याला जोर कमी करायला सांगून उपयोग होत नाही. लिफ्ट दुसरा स्पर्श असते, आणि त्यात बॉल एकापाठोपाठ दोन हातांना लागला तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो दोष आहे. बॉल फिरतो म्हणजे डबल असंच नाही, पण पंच तिकडे लक्ष ठेवायला लागतात हे खरं.

नववी: ताकद

आता ताकद. जोर पायांतून येतो: गुडघे थोडे वाकलेले, बॉल बोटांत येतो तेव्हा पाय सरळ व्हायला लागतात, आणि तोच उठाव कोपरांतून बॉलला मिळतो. गुडघे आधीच सरळ झाले असतील तर सगळा भार हातांवर येतो. लिफ्टर अँटेनापासून तीन मीटरवर उभा राहून अचूक टाकतो का बघा, मग चार, मग पाच. ज्या अंतरावर हातांचा आकार मोडतो तिथेच थांबा आणि त्याच्या अर्धा मीटर अलीकडे सराव करा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला साडेपाच मीटर जमत नसेल तर त्यात बिघाड काही नाही. संघाची रचना बदला, लिफ्टरला तीन नंबरच्या जवळ उभं करा आणि तेवढं वय जाऊ द्या. या वयात जड बॉलने सराव करून घेऊ नका. उडी मारून लिफ्ट देणंही जमिनीवरची लिफ्ट पक्की होईपर्यंत नको.

कुठे थांबायचं

पाचवी ते आठवी तपासणी नीट करून, महिनाभर सराव घेऊनही बॉल फिरतच असेल, तर घरच्या घरी आणखी बदल करू नका. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण केलेले व्हॉलीबॉल प्रशिक्षक अनेक जिल्ह्यांत सापडतात. लिफ्टरला त्यांच्याकडे घेऊन जा. जाताना बाजूने आणि मागून मोबाइलवर सावकाश गतीत काढलेला व्हिडिओ न्या, म्हणजे आधी काय तपासलं ते सांगता येईल.

दुखणं असेल तर तपासणीच थांबवा. बॉल लागून बोटाचं टोक खाली लोंबतं आहे आणि आपल्या ताकदीने सरळ होत नाही, असं दिसलं तर ओढून बसवू नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. टोकाजवळचा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. त्याला सलग सहा आठवडे किंवा जास्त आधारपट्टी लागते, आणि मधे ती काढून बोट वाकवलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अंगठ्याच्या मुळाशी सूज आली आणि चिमटीत कागदही धरवत नसेल तरी तेच करा. पाठ मागे वाकवताना कमरेत एकाच जागी दुखतं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर विशेषतः वाढत्या वयात ते अंग दुखणं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर परवानगी देईपर्यंत लिफ्टरला पूर्ण विश्रांती द्या आणि त्या जागी दुसऱ्याला उभं करा.